एचडीएमआय स्विच मध्येच स्वतःहून स्टिकवर का जातो?

आमच्या रामबागेतल्या घरी 43 इंची टीव्ही आहे आणि त्याला एचडीएमआयचे दोनच पोर्ट आहेत. त्यांपैकी ज्या पोर्टवर एआरसी असे छापलेले आहे, म्हणजे ज्यातून टीव्हीचा आवाज बाहेर जातो, तो साउंडबारने अडवलेला आहे. राहिलेल्या एकाच पोर्टवर सेट टॉप बॉक्स, भाच्याचा गेमिंग कन्सोल आणि इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणारी स्टिक अशी तीन उपकरणे चालवायची होती, म्हणून तीन इनपुट आणि एक आउटपुट असलेला, लहानशा रिमोटसह मिळणारा स्वयंचलित स्विच इंदूरच्याच जेल रोडवरून आणला. दुकानदाराने आधी स्प्लिटर पुढे केला आणि "एक ही चीज है भिया" असे ठामपणे सांगितले. ती एक चीज नव्हे. स्प्लिटर एका उपकरणाचे चित्र दोन पडद्यांना वाटून देतो, तर स्विच अनेक उपकरणांपैकी एकाचे चित्र निवडून एका पडद्याला देतो. डबीवर आउटपुट एक आणि इनपुट तीन असे लिहिले आहे की नाही, एवढे काउंटरवरच पाहून घेतले म्हणजे जेल रोडची दुसरी फेरी वाचते.

स्विच बसवल्यावर तिन्ही उपकरणे दिसू लागली आणि त्याबरोबरच एक तक्रारही सुरू झाली. आई साडेआठच्या मालिकेसाठी टीव्ही लावी, बॉक्सचे चित्र नीट येई आणि साधारण अर्ध्या मिनिटात पडदा काळा होऊन स्टिकचे बोधचिन्ह झळके. स्विचच्या रिमोटवर 1 दाबले की मालिका परत येई. काही संध्याकाळी मालिका ऐन रंगात आली असताना हाच प्रकार पुन्हा घडे, आणि एकदोनदा तो भाच्याच्या खेळाच्या मध्येही घडला. स्विच सदोष असेल असे समजून मी तो बदलून आणला, पण दुसऱ्या स्विचनेही अगदी तेच केले. दोन वेगळे नग एकच चूक करतात, तेव्हा चूक बहुधा स्विचला पुरवल्या जाणाऱ्या गोष्टींत असते. ती कुठे आहे हे शोधण्यासाठी हा स्विच निर्णय कशावरून घेतो ते आधी समजून घ्यावे लागते.

स्विच चित्र पाहत नाही, वीज पाहतो

एचडीएमआयच्या जोडणीत 19 पिना असतात. त्यांपैकी 18 व्या पिनेवर चित्र पाठवणारे उपकरण 5 व्होल्ट देते. स्वस्त स्वयंचलित स्विच मुख्यतः या 5 व्होल्टवर लक्ष ठेवतो. ज्या इनपुटवर हे व्होल्टेज आत्तापर्यंत नव्हते आणि आता आले, तिथे नवे उपकरण सुरू झाले असे समजून तो तिकडे वळतो. त्या उपकरणावर कोणी काही पाहत आहे का, पडद्यावर खेळ चालू आहे की मालिका, याची त्याला कल्पना नसते. चालू असलेल्या उपकरणाचे 5 व्होल्ट गेले, तर तो ज्या दुसऱ्या इनपुटवर व्होल्टेज शिल्लक आहे तिकडे जातो.

यातून एक गोष्ट निघते, आणि पुढचा सगळा तपास तिच्यावर उभा आहे. स्विच स्टिकवर उडी मारतो याचा अर्थ स्टिकचे 5 व्होल्ट क्षणभर गेले आणि परत आले, किंवा ज्याचे चित्र दिसत होते त्याचे 5 व्होल्ट तुटले. यांपैकी काय झाले हे पडद्याकडे नीट पाहिले तर बरेचसे कळते.

उडी पडल्यावर स्टिकचे बोधचिन्ह दिसत असेल, तर स्टिक नुकतीच नव्याने सुरू झाली आहे, म्हणजे तिचा वीजपुरवठा तुटला होता. त्याऐवजी स्टिकचा मुख्य पडदा किंवा फिरती छायाचित्रे तयारच दिसत असतील, तर स्टिक आधीपासून जागी होती आणि गडबड दुसरीकडे आहे: एखादी केबल सैल आहे किंवा ज्याचे चित्र दिसत होते त्या उपकरणाने व्होल्टेज देणे थांबवले आहे. आमच्याकडे दर वेळी बोधचिन्ह दिसत होते. ही खूण हाती असूनही मी दोन आठवडे केबली बदलत बसलो, हे इथे कबूल करायला हवे.

कोणते उपकरण 5 व्होल्ट देणे कधी थांबवते, हे घरच्या घरी तपासता येते आणि त्यासाठी मीटर लागत नाही. स्विचला वेगळा अॅडाप्टर जोडलेला असेल तर तो काढावा, तिन्ही इनपुट रिकामे करावेत आणि एकच उपकरण लावावे. आता स्विचमधला दिवा फक्त त्या उपकरणाच्या 18 व्या पिनेवरच्या विजेवर जळत असतो, कारण टीव्हीकडून स्विचला वीज मिळत नाही. ते उपकरण रिमोटने बंद करावे आणि पाच मिनिटे दिव्याकडे लक्ष ठेवावे. दिवा जळत राहिला तर उपकरण झोपेतही 5 व्होल्ट देत आहे. विझला तर ते खरोखर सोडते. आमचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केल्यावरही दिवा जळतच राहिला, म्हणजे तो भिंतीवरचे बटण बंद केल्याखेरीज व्होल्टेज सोडत नाही. प्रत्येक घरात हे उत्तर वेगळे येईल, त्यामुळे दुसऱ्याच्या अनुभवावर न जाता तिन्ही उपकरणांसाठी ही परीक्षा करावी आणि निकाल कागदावर लिहून ठेवावा.

आमच्या घरातले कारण

स्टिकसोबत आलेल्या अॅडाप्टरवर 5 व्होल्ट, 1 अँपिअर असे छापलेले होते. पण टीव्हीमागच्या एक्स्टेंशन बोर्डावर जागा नव्हती, म्हणून बसवताना मी स्टिकची वीजकेबल टीव्हीच्याच यूएसबी पोर्टला लावली होती आणि अॅडाप्टर खोक्यात राहिला होता. त्या यूएसबी पोर्टजवळ बारीक अक्षरांत 0.5 अँपिअर लिहिलेले आहे. पेन ड्राइव्हवरचे फोटो दाखवण्यासाठी तेवढी वीज पुरते, पण स्टिकला जितकी लागू शकते त्याच्या ती निम्मीच आहे.

आता दोन्ही प्रकारच्या उड्यांचा उलगडा होतो. टीव्ही बंद झाला की त्याचा यूएसबी पोर्टही बंद होतो आणि स्टिकची वीज जाते. आई टीव्ही लावते तेव्हा पोर्ट जागा होतो, स्टिक पहिल्यापासून सुरू होऊ लागते, थोड्या वेळाने तिच्याकडून 5 व्होल्ट येतात आणि स्विचला वाटते की कोणी तरी आत्ताच स्टिक लावली. अर्ध्या मिनिटाचा जो नेमका उशीर होता, तो स्टिकला उठायला लागणारा वेळ होता. मालिकेच्या मध्ये पडणाऱ्या अवेळी उड्यांचे मूळही तेच आहे. पडद्यावर दुसरे काही चालू असले तरी स्टिक मागे जागी असते, अॅप अद्ययावत करते, वायफायवरून काही ना काही उतरवून घेते, आणि अशा वेळी तिची मागणी 0.5 अँपिअरच्या वर गेली की व्होल्टेज खचते आणि ती पुन्हा सुरू होते.

खात्री करण्यासाठी मी एका संध्याकाळी दुसरे काहीही न बदलता स्टिकची वीजकेबल टीव्हीतून काढून तिच्या मूळ अॅडाप्टरला लावली आणि तो थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घातला. त्या रात्री टीव्ही चार वेळा बंद करून लावला, एकदाही उडी पडली नाही. दुसऱ्या दिवशी केबल मुद्दाम परत टीव्हीच्या यूएसबीला लावली आणि पहिल्याच वेळी, अर्ध्या मिनिटात, पडदा स्टिकवर गेला. दोष काढून टाकणे आणि मग तो परत आणून दाखवणे, ही दोन्ही पावले झाल्याखेरीज मी कारण सापडले असे मानत नाही, कारण केबली हलवताना अनेकदा भलतेच काही तरी सुधारते आणि श्रेय चुकीच्या गोष्टीला मिळते.

अॅडाप्टरबाबत एक स्थानिक अडचण सांगतो. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही आणि स्टिकचा अॅडाप्टर दोन्ही इन्व्हर्टरच्याच लाइनीवर हवेत. टीव्ही इन्व्हर्टरवर आणि स्टिक साध्या सॉकेटवर असेल, तर लाइट जाऊन आली की टीव्हीवरचे चित्र चालू राहते, स्टिक मात्र मरून पुन्हा उठते आणि उडी मारते. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा लाइट गेली तर दोष परत आला असे वाटेल, पण तेव्हा फक्त लाइटीबरोबर स्टिकची वीज गेलेली असते.

स्टिकला पुरेशी वीज असूनही उडी पडत असेल, तर सैल जोडणीकडे वळावे. जाड एचडीएमआय केबली या हलक्या डबीला ओढत राहतात, आणि टीव्हीमागे लटकणाऱ्या स्विचमध्ये प्लग किंचित तिरका होऊन 18 वी पिन क्षणभर सुटू शकते. प्रत्येक प्लग बोटाने हळूच वरखाली करून पाहावा. हात लावताच उडी पडली तर कारण सापडले. दुहेरी चिकटपट्टीने स्विच टीव्हीच्या पाठीवर किंवा कपाटाच्या फळीवर पक्का बसवला की ओढ जाते. स्टिक थेट स्विचमध्ये खोचू नये, सोबत येणाऱ्या छोट्या जोडकेबलीनेच लावावी, कारण तिचे शरीर शेजारच्या प्लगला ढकलते.

स्विचला स्वतःची वीज

स्विचच्या बाजूला बारीक वीजपोर्ट असतो आणि डबीवर बहुधा "वेगळ्या विजेची गरज नाही" असे अभिमानाने छापलेले असते. हे अर्धे खरे आहे. एचडीएमआयच्या मानकानुसार चित्र पाठवणाऱ्या उपकरणाने 18 व्या पिनेवर किमान 55 मिलिअँपिअर पुरवले पाहिजेत, आणि तेवढ्यावर साधा स्विच चालू शकतो. पण ज्यात रिमोटचा डोळा, दिवे आणि 4के संकेत सावरणारी चिप आहे, त्याला ते नेहमी पुरत नाहीत. तेव्हा स्विच बंद पडत नाही, तो डळमळतो: चित्र सेकंदभर जाऊन येते, ठिपके चमकतात, किंवा एकच उपकरण चालू असताना काळा पडदा येतो आणि दुसरे कोणतेही उपकरण सुरू केले की आश्चर्यकारकरीत्या सगळे सुधारते. हे शेवटचे लक्षण ओळखून ठेवण्यासारखे आहे, कारण दुसऱ्या उपकरणाची वीज मिळाल्यामुळे ते सुधारलेले असते.

उपाय म्हणून घरातला एखादा जुना, 5 व्होल्टचा मोबाइल चार्जर स्विचच्या वीजपोर्टला लावावा. इथेही टीव्हीचा यूएसबी पोर्ट वापरू नये, नाही तर टीव्ही बंद होताच स्विचचा पुरवठा बदलेल आणि आधी कोणता इनपुट निवडलेला होता हे तो विसरू शकेल.

टीव्ही आणि स्विच यांचे एकमेकांना न कळणे

वीज नीट झाल्यावर आमच्याकडे एक छोटी कुरबुर उरली होती. स्टिकचा रिमोट उचलून बटण दाबले की टीव्ही लगेच HDMI 2 वर येई, पण पडद्यावर मात्र सेट टॉप बॉक्स दिसे. उलट, टीव्ही लावला की कधी कधी झोपलेला कन्सोल बीप करून उठे.

हे काम 13 व्या पिनेवर चालणाऱ्या सीईसी या व्यवस्थेचे आहे. तिच्यातून उपकरणे टीव्हीला "आता माझे चित्र दाखव" असे सांगतात आणि टीव्ही त्यांना उठवू किंवा झोपवू शकतो. यासाठी प्रत्येक उपकरणाला एक पत्ता असतो, आणि तो पत्ता त्याला टीव्हीकडून येणाऱ्या माहितीत मिळतो. दुसऱ्या पोर्टचा पत्ता 2.0.0.0 असेल, तर तिथे जोडलेल्या आदर्श स्विचने आपल्या तीन इनपुटांना 2.1.0.0, 2.2.0.0 आणि 2.3.0.0 असे वेगळे पत्ते द्यायला हवेत. स्वस्त स्विच हे करत नाही. तो टीव्हीची माहिती जशीच्या तशी पुढे ढकलतो. परिणामी तिन्ही उपकरणांना आपण 2.0.0.0 आहोत असे वाटते. एका वाड्यातल्या तीन बिऱ्हाडांना एकच घरक्रमांक असावा आणि पोस्टमनने पत्र दारात टाकून निघून जावे, तसे हे होते. टीव्ही योग्य दारापर्यंत येतो, पण आत कोणाला हाक मारायची हे त्याला कळत नाही, आणि स्विचला तर तो निरोपच समजत नाही.

म्हणून अशा स्विचच्या मागे असलेल्या उपकरणांपैकी जास्तीत जास्त एकाची सीईसी चालू ठेवावी. कन्सोल प्लेस्टेशन असेल तर System या विभागात Enable HDMI Device Link हा पर्याय मिळतो, तो बंद करावा. प्लेस्टेशन 5 वर तो त्या विभागातल्या HDMI या नावाखाली आहे. फायर टीव्ही स्टिकवर Display & Sounds मध्ये HDMI CEC Device Control दिसतो. टीव्हीच्या मेनूतली सीईसी मात्र सरसकट बंद करू नये, कारण साउंडबारचे एआरसी बऱ्याच टीव्हींवर तिच्यावर अवलंबून असते आणि ती बंद केल्यावर आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून येऊ लागतो. त्याच कारणासाठी साउंडबार एआरसीच्या पोर्टवरच राहू द्यावा. जागा वाचवायला तो स्विचच्या इनपुटला लावला तर त्याला टीव्हीचा आवाज मिळणार नाही.

एवढे करूनही न सुटणारे

स्वयंचलित निवडीची एक मर्यादा कोणत्याही केबलीने जात नाही. भाचा खेळून उठतो, कन्सोल विश्रांतीत जातो, पण दिव्याच्या परीक्षेत आमच्या कन्सोलने त्या स्थितीतही 5 व्होल्ट देणे थांबवले नव्हते. त्यामुळे स्विच कन्सोलवरच थांबतो आणि टीव्ही संकेत नाही असा फलक दाखवतो. सेट टॉप बॉक्स तर आधीपासूनच जागा आहे, म्हणजे त्याच्याकडून नवे व्होल्टेज येण्याचा प्रश्नच नाही, आणि स्विचला परत वळण्याचे काही कारण मिळत नाही. इथे हाताने बटण दाबणे हाच मार्ग आहे. तिन्ही उपकरणे कायम विजेवर राहणारी असतील, तर स्वयंचलित स्विच घेण्यात अर्थच नाही. दाबण्याच्या बटणाचा, स्वतःहून काही न करणारा स्विच अधिक सुखाचा. काही स्विचमध्ये स्वयंचलित निवड बंद करण्याची सोय असते, आणि डबीतल्या कागदावर ती लिहिलेली असेल तर तीच वापरावी.

काळा पडदा फक्त 4के चित्रपट लावल्यावरच येत असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर या लेखातले काहीही करून फरक पडणार नाही. 4के आशयासाठी स्विचला एचडीसीपी 2.2 ही नक्कल रोखणारी व्यवस्था येणे आवश्यक असते आणि सेकंदाला 60 चित्रांच्या 4के साठी 18 गिगाबिट क्षमता लागते. जुना स्विच 10.2 गिगाबिटचा असेल तर तो 4के मध्ये 30 चित्रांपर्यंतच पोचतो. असा स्विच बदलावा, किंवा कन्सोलचे आउटपुट 1080पी वर ठेवून काम चालवावे. 43 इंची पडद्यावर सोफ्यावरून आमच्या घरात कोणालाही तो फरक सांगता आलेला नाही.

सध्याची मांडणी अशी आहे: पहिल्या इनपुटवर सेट टॉप बॉक्स, दुसऱ्यावर कन्सोल, तिसऱ्यावर जोडकेबलीने स्टिक. स्टिकचा अॅडाप्टर आणि स्विचचा जुना चार्जर दोन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर आहेत, आणि सीईसी फक्त स्टिकची चालू आहे. गेल्या दोन महिन्यांत पडदा स्वतःहून एकदाच स्टिकवर गेला, आणि तो झाडताना केबलीला कुंचा लागल्यामुळे. कन्सोलवरून परत यायला बटण दाबावे लागते ते लागतेच, म्हणून आईने स्विचच्या रिमोटवरच्या 1 या बटणावर लाल टिकली चिकटवून ठेवली आहे.